आधी डंकाची तारीख, मग कॅप्शन: घरगुती चटणीच्या एका महिन्याचं नियोजन

घरातून एकटीने व्यवसाय करणाऱ्या बहुतेक जणी कंटेंट कॅलेंडर करायला बसल्या, की पहिल्यांदा भिंतीवरची दिनदर्शिका काढतात आणि सणवार टिपायला लागतात. गुढीपाडवा, हनुमान जयंती, अक्षय तृतीया, महाराष्ट्र दिन. प्रत्येकापुढे एक शुभेच्छा लिहिली, की अर्धा महिना भरल्यासारखा वाटतो. पण त्यातल्या एकाही कॅप्शनमुळे कुणाला कळत नाही, की तुमच्याकडे माल कधी तयार होतोय, केवढ्याला आहे आणि कधीपर्यंत सांगायचा.

एकट्या माणसाच्या व्यवसायात कॅप्शनच्या तारखा कामाच्या तारखांवरून ठरवायच्या. मोठ्या कंपनीचा माल गोदामात पडून असतो, तिला कधीही जाहिरात करता येते. तुमचा माल महिन्यातून दोनदा तयार होतो, तोही ऊन पडलं तर. म्हणून इथे एकच उदाहरण धरून पूर्ण महिना मांडते. समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एक ताई घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. महिना एप्रिल. वर्षाची चटणी करून ठेवायचे हेच दिवस, त्यामुळे विचारणाही भरपूर आणि कामही भरपूर. तुमचा व्यवसाय पापडाचा, केकचा किंवा ब्लाऊज शिवण्याचा असेल तर तारखा बदलतील, पद्धत बदलणार नाही.

पहिलं काम: आपल्याकडे विकायला नक्की आहे किती?

मोबाइल बाजूला ठेवा आणि कागदावर एका लॉटचं काम लिहून काढा. ताईंचा एक लॉट असा चालतो. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, रंगाला ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी. देठ काढून निवडायची, गच्चीवर तीन उन्हं द्यायची. एक दिवस कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे भाजण्या-तळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मसाला कुटायच्या गिरणीत, म्हणजे डंकावर, कुटून आणायची. मग एक दिवस वजन करून पुडे भरणं आणि त्यानंतर कुरिअर. म्हणजे बाजारापासून पार्सलपर्यंत आठवडा सरळ जातो. एकट्या बाईला यातून 15 किलोच्या वर चटणी झेपत नाही, असं धरू. अर्ध्या किलोचे 30 पुडे झाले.

आता या 30 पुड्यांची वाटणी करा. दहा पुडे दरवर्षी घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांचे, ते न विचारताच बाजूला काढायचे. दोन पुडे हातचे राखायचे, कारण कुरिअरमध्ये एखादी पिशवी फुटते किंवा कुणाचा पत्ता चुकतो. राहिले 18. एका लॉटच्या सगळ्या इन्स्टाग्राम पोस्ट आणि स्टेटस मिळून तुम्हाला एवढे 18 पुडे विकायचे आहेत.

हा आकडा समोर असला, की कॅप्शनचा सूरच बदलतो. अठरा पुड्यांसाठी 'धमाका ऑफर' लागत नाही, 'दोनवर एक मोफत' तर नाहीच नाही. 60 जणांनी मागणी केली तर 42 जणांना नाही म्हणावं लागेल आणि नाही म्हणण्यातच दोन दिवस जातील. तुम्हाला हवेत ते नेमके, पैसे पाठवणारे, तारीख समजून घेतलेले 18 जण.

महिना मांडायचा कसा

गूगल शीट उघडा किंवा वहीचं पान आडवं धरा. मला स्वतःला वहीच बरी वाटते, ओट्याजवळ ठेवता येते. सहा रकाने पुरतात: तारीख, त्या दिवशी घरात चाललेलं काम, कॅप्शनने काय साधायचं, कुठे टाकायची, फोटो कोणता आणि शेवटी किती जणांनी विचारलं. कॅप्शनचा मजकूर या तक्त्यात कोंबू नका. तो वेगळ्या पानावर नंबर घालून लिहा, नाहीतर तक्ता वाचताच येत नाही.

भरताना आधी फक्त दुसरा रकाना भरायचा. ताईंचा पहिला लॉट: 2 तारखेला मिरची आणणं, 3 ते 5 वाळवण, 6 ला भाजणं, 7 ला डंक, 8 ला पुडे, 9 ला कुरिअर. दुसरा लॉट: 16 ला मिरची, 17 ते 19 वाळवण, 20 ला भाजणं, 21 ला डंक, 22 ला पुडे, 23 ला कुरिअर. डंकवाल्याला आधी विचारूनच 7 आणि 21 या तारखा धरायच्या. एप्रिलमध्ये तिथे नंबर लावावा लागतो आणि तुमचं सगळं कॅलेंडर त्या नंबरवर उभं असतं. यात कुठे रविवार आला तर कुरिअरची तारीख एक दिवस पुढे ढकला.

हे झालं, की कॅप्शनच्या जागा आपोआप दिसायला लागतात. मिरची आणायच्या आदल्या दिवशी बुकिंग उघडायचं, म्हणजे 1 आणि 15 तारखेला. वाळवण संपतं त्या दिवशी रात्री बुकिंग बंद, 5 आणि 19 ला. या दोन्हींच्या मधोमध, 3 आणि 17 ला, गिऱ्हाइकाच्या मनातली एखादी शंका मिटवणारी कॅप्शन. डंकाच्या दिवशी एक, पार्सल निघाल्यावर एक. आणि पार्सल पोचून दोन-तीन दिवस झाले, की चटणी कशात वापरायची ते दाखवणारी एक. एका लॉटला सहा, दोन लॉटना बारा. महिन्याला बारा कॅप्शन एकट्या माणसाला भरपूर झाल्या. रोज टाकायचा हट्ट धरला, की दुसऱ्या आठवड्यात 'शुभ सकाळ' सुरू होतं.

सणवार आता सगळ्यात शेवटी घ्या आणि तेही आपलं काम कुठे अडतंय हे बघायला. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते, ती तारीख दरवर्षी बदलते. बहुधा ती एप्रिलमध्ये येते, कधी मार्चच्या अखेरीस. त्या दोन-तीन दिवसांत वाडी रत्नागिरीकडचे रस्ते सासनकाठ्यांनी आणि भाविकांनी भरलेले असतात, घरातलंही कुणी ना कुणी गेलेलं असतं. बुकिंगचा शेवटचा दिवस त्यात येत असेल तर तो अलीकडे घ्या. आणि त्या दिवशी 'चांगभलं'खाली चटणीचा दर लिहू नका. शुभेच्छा द्यायच्या तर नुसत्या द्या. 14 एप्रिलचंही तसंच.

बुकिंगची कॅप्शन: सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घाला

इन्स्टाग्रामवर 2,200 अक्षरांपर्यंत कॅप्शन लिहिता येते, पण फीडमध्ये सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात. पुढचं 'मोअर'च्या मागे जातं. त्यामुळे वस्तू, दर, तारीख आणि किती शिल्लक, या चारही गोष्टी पहिल्या सव्वाशे अक्षरांत बसल्या पाहिजेत. काव्य करायचं असेल तर त्याच्या खाली करा.

बऱ्याच जणी अशी सुरुवात करतात: 'नमस्कार मैत्रिणींनो! उन्हाळा आला, की आठवण येते आजीच्या हातच्या चटणीची...' सव्वाशे अक्षरं आजीतच संपतात. त्याऐवजी ताईंची 1 तारखेची कॅप्शन अशी:

> कांदा-लसूण चटणी, एप्रिलचा पहिला लॉट. अर्धा किलो 400 रुपये. बुकिंग 5 तारखेपर्यंत, 18 पुडे आहेत.
>
> ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, घरी निवडून गच्चीवर वाळवलेली, डंकावर कुटलेली. राजारामपुरीतून घेऊन जाणाऱ्यांना 9 ते 11 तारखेदरम्यान मिळेल. पुण्या-मुंबईचं कुरिअर 11 पर्यंत निघेल, खर्च वेगळा. पिनकोड पाठवला की किती ते सांगते.
>
> नाव, किती पुडे आणि पिनकोड एवढं व्हॉट्सॲपला पाठवा. पैसे आले की पुडा तुमच्या नावाचा.

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. दर उघड लिहिलाय. 'किमतीसाठी इनबॉक्स करा' हा प्रकार मला अजिबात पटत नाही. विचारायला लाजणारा माणूस निघून जातो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर टाइप करताना तुमची मिरची निवडायची राहते. दर जास्त वाटणारे तसेही घेणार नसतात. अर्थात 400 हा आकडा उदाहरणाचा आहे. तुमचा दर मिरचीच्या त्या आठवड्याच्या भावावरून काढा आणि एकदा लिहिला, की लॉट संपेपर्यंत बदलू नका.

दुसरं, कुरिअर 9 ला निघणार असं घरच्या तक्त्यात असलं तरी गिऱ्हाइकाला '9 ते 11' सांगितलंय. हे दोन दिवस कशासाठी ते पुढे येईलच.

तिसरं, 18 म्हणजे खरोखर 18. 'फक्त थोडेच शिल्लक' लिहून महिनाभर विकत राहिलात तर कोल्हापुरात ते लपत नाही. भिशीत, हळदी-कुंकवात दोन बायका बोलतात आणि कळतं, की पाच तारखेला 'संपली' म्हणणारीकडून एकीने आठ तारखेला पुडा आणला. मग तुमच्या पुढच्या प्रत्येक शेवटच्या तारखेला लोक हसतात.

पत्ता किंवा लिंक कॅप्शनमध्ये चिकटवून उपयोग नाही, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. व्हॉट्सॲपची `wa.me` लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये 'बायोतल्या लिंकवरून' एवढं म्हणा.

बुकिंग बंद होण्याच्या दिवशीची कॅप्शन दोन तऱ्हांनी आधीच लिहून ठेवायची. एक पुडे शिल्लक असतील तर: 'आज रात्री 9 ला बुकिंग बंद. 18 पैकी इतके पुडे राहिलेत.' आकडा त्या दिवशी भरायचा. दुसरी, चौथ्या दिवशीच सगळे गेले तर: 'पहिल्या लॉटचे पुडे संपले. दुसऱ्या लॉटचं बुकिंग 15 तारखेला उघडेल, तोवर नाव लिहून घेते, पैसे नको.' ही दुसरी बहुतेक जणी लिहीतच नाहीत. माल संपला, की गप्प बसतात आणि उशिरा आलेली माणसं दुसरीकडे जातात.

शंका मिटवणाऱ्या कॅप्शन कुठून आणायच्या

या डोक्यातून काढायच्याच नाहीत. व्हॉट्सॲप उघडा, मागच्या लॉटच्या वेळचे मेसेज वर सरकवत जा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. चटणीच्या धंद्यात ते ठरलेले असतात. किती तिखट आहे? किती दिवस टिकते? भाजीला चालते की मटणालाच? पोरं खातील का? सगळ्यात जास्त वेळा आलेले दोन प्रश्न या महिन्याच्या 3 आणि 17 तारखेला टाकायचे, बाकीचे मे महिन्यासाठी ठेवायचे.

उत्तर लिहिताना 'मध्यम तिखट' असं लिहू नका. तुमचं मध्यम आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाचं मध्यम यात पंचगंगा आडवी असते. मोजून सांगा:

> किती तिखट आहे? दोन वाट्या मोडाच्या मटकीला एक सपाट चमचा घातला तर घरातली लहान पोरं खातात. दोन चमचे घातले तर शेजारी ताक ठेवा.

ही कॅप्शन लिहिण्याआधी ताईंनी मटकी खरंच करून बघायची आणि चमचा कुठला ते ठरवायचं. असं मोजून सांगितलेलं वाक्य लोक पाठ करतात, दुसऱ्याला सांगतात.

टिकण्याच्या प्रश्नाला 'वर्षभर टिकते' असं छातीठोक लिहायचा मोह होतो. चटणीत कांदा-लसूण आहे, ती किती टिकणार हे वाळवण आणि तळण नीट झालंय का आणि घेणाऱ्याने कशी ठेवली यावर आहे. म्हणून ठेवायची पद्धत लिहा: काचेची किंवा चिनी मातीची कोरडी बरणी, दाबून भरलेली, वर हिंगाचे खडे, लागेल तेवढी छोट्या डबीत काढून घ्यायची आणि चमचा कायम कोरडा. पाकिटावरची 'पर्यंत वापरा' ही तारीख आणि कॅप्शनमधलं वाक्य एकमेकांशी जुळलं पाहिजे, हे एकदा तपासा.

इथेच एक सावधगिरी. चटणी विकताना 'पचनाला चांगली', 'सर्दीवर गुणकारी', 'डॉक्टरही सांगतात' असलं काही लिहू नका. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत आजार बरा होतो असा किंवा डॉक्टरांनी शिफारस केल्याचा दावा करायला कायद्याने मनाई आहे आणि घरगुती व्यवसायाला त्यातून सूट नाही. 'शंभर टक्के शुद्ध'ही टाळा. त्यापेक्षा एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर दिसेल असा पाकिटाचा फोटो लावलात, की जास्त बोलावं लागत नाही.

पक्क्या कॅप्शन आणि सैल कॅप्शन

एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारी ऊन रणरणतं आणि चारनंतर आभाळ भरून येतं. वळीव कुठल्या दिवशी येणार हे कुणी सांगू शकत नाही. गच्चीवर आठ किलो मिरची पसरलेली असताना तो आला, की तुमच्या 7 तारखेच्या डंकाचं, 9 तारखेच्या कुरिअरचं आणि त्यावर लिहिलेल्या सगळ्या कॅप्शनचं गणित बिघडतं.

म्हणून तक्त्यात प्रत्येक कॅप्शनपुढे 'प' किंवा 'सै' लिहा. ज्या कॅप्शनचं खरेपण तारखेवर आहे ती पक्की: बुकिंग उघडणं, शंकेचं उत्तर, वापर दाखवणं. जिचं खरेपण कामावर आहे ती सैल: वाळवणाची, डंकाची, पार्सल निघाल्याची. पक्क्या कॅप्शन एका बैठकीत फोटोसकट शेड्यूल करून टाका. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं असेल तर ॲपमधूनच वेळ लावता येते, मेटा बिझनेस सूटमध्येही फुकट होतं. सैल कॅप्शन मात्र कधीही शेड्यूल करायच्या नाहीत. त्या फोनच्या नोट्समध्ये तयार ठेवायच्या आणि काम झाल्यावर हाताने टाकायच्या. बुकिंग बंद करायच्या कॅप्शनची तारीख पक्की असली तरी आकडा रिकामा आहे, म्हणून तीही हातानेच.

हा फरक केला नाही तर काय होतं ते कल्पना करून बघा. बाहेर धो धो पाऊस, हॉलमध्ये चादरीवर ओलसर मिरची, पंखा फुल्ल आणि तुमच्या खात्यावर आपोआप पडलेली पोस्ट: 'खणखणीत उन्हात वाळलेली मिरची आज डंकावर!' खाली शेजारणीची हसरी इमोजी.

वळिवाची एक कॅप्शन महिना सुरू होण्याआधीच लिहून ठेवा. ऐन वेळी घाबऱ्याघुबऱ्या लिहिलेला मजकूर नेहमी माफीनाम्यासारखा होतो. ताईंच्या नोट्समध्ये ही पडून आहे, तारखांच्या जागा रिकाम्या:

> काल संध्याकाळी वळीव आला, मिरची आत घ्यावी लागली. अजून दोन उन्हं द्यायची आहेत, म्हणून डंक __ ऐवजी __ ला. पार्सल __ ला निघतील. ओलसर मिरची कुटली तर चटणीला बुरशी लागते, त्यामुळे थांबतेय. कुणाला इतकं थांबणं शक्य नसेल तर मेसेज करा, पैसे परत करते.

दोन दिवसांचाच उशीर असेल तर '9 ते 11' म्हटलेलं असल्यामुळे ही टाकायचीही गरज पडत नाही. उशीर त्यापुढे गेला तर मात्र पोस्टची वाट न बघता पैसे भरलेल्या प्रत्येकाला आधी वैयक्तिक मेसेज, मग ही कॅप्शन. आपल्या पार्सलची बातमी माणसाला इन्स्टाग्रामवरून कळणं बरं दिसत नाही.

वापराची कॅप्शन आणि वार

पार्सल पोचल्यावरची कॅप्शन विकायला नसते, पुडा फोडायला लावायला असते. फडताळात ठेवलेला पुडा संपत नाही आणि पुडा संपला नाही तर पुन्हा मागणी येत नाही.

ही कुठल्या वारी टाकायची याला महत्त्व आहे. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार आणि सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात. तांबड्या रश्शाची कॅप्शन गुरुवारी सकाळी टाकलीत तर लोक बघून पुढे जातील. शनिवारी संध्याकाळी टाका, रविवारची यादी तेव्हा ठरत असते. गुरुवारसाठी भरली वांगी, मटकीची उसळ, झुणका ठेवा. तक्त्यात 12 आणि 26 तारखा लिहिल्यात, त्या तुमच्या वर्षी ज्या वारी येतील त्याप्रमाणे एक-दोन दिवस मागेपुढे करा.

कॅप्शनमध्ये अख्खी पाककृती नको. एकच गोष्ट सांगा, जी नवख्याला माहीत नसते. उदाहरणार्थ: 'चटणी तेलात आधी घालू नका, करपते आणि कडवट लागते. कांदा परतून झाला, की गॅस बारीक करून घाला आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी. तर्री वर येते.' एवढं पुरे.

तोच मजकूर सगळीकडे नको

इन्स्टाग्रामवर अनोळखी लोक असतात, व्हॉट्सॲपवर ओळखीचे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण घेता येतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे ही लिस्ट खरी जुन्या गिऱ्हाइकांची. त्यांना लॉटमागे एकच मेसेज, तोही इन्स्टाग्रामच्या आदल्या दिवशी, 31 मार्च आणि 14 एप्रिलला: 'उद्या बुकिंग उघडतेय. तुमचे नेहमीचे दोन पुडे धरू का?' बाजूला ठेवलेले दहा पुडे इथेच जातात. ब्रॉडकास्टवर शंका, पाककृती, शुभेच्छा काही पाठवू नका. तिसऱ्या आठवड्यात लोक म्यूट करतात आणि तुम्हाला ते कळतही नाही. 14 ला जयंतीची शुभेच्छा आणि हा मेसेज एका दमात जाऊ देऊ नका. संध्याकाळी उशिरा किंवा 13 लाच पाठवून टाका.

स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून ते कच्च्या कामाला उत्तम. मिरचीचं पोतं, देठांचा ढीग, डंकावरची रांग. तिथे कॅप्शन म्हणजे चार-पाच शब्द, आधी लिहून ठेवायची गरजच नाही. तक्त्यात फक्त 'स्टेटस' एवढं लिहा.

फोटोंचं मात्र आधी बघा. लॉट चालू असताना हात चटणीने माखलेले असतात, फोन धरवत नाही. म्हणून पहिल्या लॉटच्या पक्क्या पोस्टचे फोटो मार्चमधल्या लॉटचे आणि पहिल्या लॉटमध्ये काढलेले दुसऱ्या लॉटला, अशी एक पायरी पुढे चाल ठेवा. घरातल्या कुणाला तरी डंकाच्या दिवशी दहा मिनिटं फोन घेऊन उभं करा. सैल कॅप्शनला मात्र त्याच दिवसाचा फोटो हवा, जुना चालणार नाही.

शेवटचा रकाना कसा वाचायचा

प्रत्येक कॅप्शननंतर दोन दिवसांनी 'किती जणांनी विचारलं' हा आकडा लिहा. लाइक लिहू नका, लाइक भाच्या-पुतण्यांचे असतात. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर लेबल करून ठेवा, 'विचारलं' आणि 'पैसे आले', म्हणजे मोजायला त्रास नाही. दर, कुरिअर आणि पैसे कुठे पाठवायचे याची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवलीत तर भाजणीच्या दिवशीही उत्तर जातं.

हे आकडे तीन तऱ्हेने बोलतात. कुणी विचारलंच नाही, तर पहिली ओळ किंवा फोटो फसला, आतला मजकूर नाही, कारण तो कुणी उघडलाच नाही. लोक विचारतायत पण जे कॅप्शनमध्ये आहे तेच, म्हणजे 'केवढ्याला?', तर ती गोष्ट फार खाली गेलीय, वर घ्या. आणि पुष्कळ जण विचारून पैसे पाठवत नाहीत, तर बहुतेक वेळा कुरिअरचा खर्च ऐकून थांबतात. चारशेच्या पुड्यावर वेगळा खर्च म्हटला, की माणूस विचार करतो. अशा वेळी दुसऱ्या लॉटला 15 तारखेच्या कॅप्शनमध्ये 'दोन पुडे एकाच पार्सलमध्ये, पुण्याला घरपोच इतके' असा एकच मिळून दर लिहून बघा. कुरिअरचा दर वजनावर असतो, एका किलोचं पार्सल अर्ध्या किलोच्या दुप्पट पडतंच असं नाही. आपल्या कुरिअरवाल्याकडून दोन्ही वजनांचे दर लेखी घ्या आणि मग तो आकडा ठरवा.

29 किंवा 30 तारखेला तासभर बसून मे महिन्याचा दुसरा रकाना भरायला घ्या. मेमध्ये सुट्टीला आलेली माणसं परत जाताना चटणी घेऊन जातात, म्हणून तेव्हा घेऊन जाण्याच्या तारखा कुरिअरपेक्षा महत्त्वाच्या ठरतात. एप्रिलमधला न वापरलेला शंकेचा प्रश्न तिकडे हलवा. वळिवाची कॅप्शन वापरली नसेल तर तशीच नोट्समध्ये राहू द्या. मेमध्ये ती लागण्याची शक्यता जास्त, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर वाळवणाचा लॉट धरूच नका.